टरबुजाच्या फोडी आणि बाबांची बांधी

माझ्या वाट्याला पाणी आलं होतं. म्हणजे खरंच पाणी. दादानं ग्राफच्या कागदावर स्टीलची पट्टी धरून बाबांच्या शेताचे तीन सारखे तुकडे पाडले होते आणि मधल्या तुकड्यावर माझं नाव लिहिलं होतं. त्या मधल्या तुकड्यात आमची बोडी आहे. बोडी म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं शेततळं, धानाच्या शेताला लागतं ते. तिच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, चार बाभळी आणि एक मोहाचं झाड.

"दादा," मी म्हटलं, "मी काय मासोळ्या पाळू का गा?"

"क्षेत्र बरोबर आहे," दादा म्हणाला. "दीड-दीड एकर. मोजून घे."

दादा हिंगण्याच्या एका कारखान्यात फोरमन होता, नुकताच रिटायर झालेला. त्याच्या लेखी जे पट्टीनं सारखं, ते सारखंच. मी एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांना सरका सरका म्हणत जागा वाटली, त्यामुळं मला एवढं कळतं की खिडकीची सीट आणि मागच्या चाकावरची सीट, तिकीट एकच असलं तरी, एक नसते.

शेत कुहीकडं आहे. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात जे आलं त्यातून त्यांनी ते साडेचार एकर घेतलं. वाडवडिलांचं नाही, त्यांच्या घामाचं. वरच्या अंगाला रस्ता, मग मुरमाड भरडी जमीन, मधे बोडी आणि खाली उतारावर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, थेट नाल्यापर्यंत. आई आधी गेली, मग बाबा गेले. मृत्युपत्र काही नव्हतं. सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं चढली: दादा, मी आणि धाकटा. नंतर धाकटाही गेला. त्याला लेकरूबाळ नव्हतं, म्हणून त्याच्या जागी त्याच्या बायकोचं, माझ्या भावजयीचं नाव लागलं. शेत ती कसते. लग्न झाल्यापासून तीच कसते आहे. धाकट्याला शेतीपेक्षा भजनमंडळातली ढोलकी जास्त प्रिय होती, त्याच्या आत्म्याला शांती मिळो.

आता तो रस्ता रुंद झालाय. रस्त्याच्या कडेला ज्याची-त्याची प्लॉट पाडायची बोलणी चालू आहेत. आणि दादाच्या कागदावर रस्त्याकडचा तुकडा दादाला, बोडी मला, खालच्या बांध्या भावजयीला.

"सही करा दोघीजणी," तो म्हणाला. "नोटरी माझ्या ओळखीचा आहे. एका दिवसात काम खतम."

मी तो ग्राफचा कागद उचलला, चहाच्या कपाखाली घातला आणि त्याला म्हटलं की चहा पी आणि घरी जा. तो चहा न पिताच, कागद ओढून घेऊन गेला. मग मी एकटीनंच दोन कप प्यायले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले. रागात माझ्याकडून पोळ्याही चौकोनी होतात.

दुसऱ्याच दिवशी मी जिल्हा न्यायालयात. माझ्याबरोबर डेपोत असलेल्या एका मैत्रिणीची मुलगी तिथं वकिली करते. वकिलांच्या टेबलांची ती रांग, पंखे फिरतायत पण वारा नाही, प्रत्येक टेबलाशी माझ्यासारखंच एखादं तापलेलं माणूस. शेजारी एक म्हातारे गृहस्थ तर्री-पोहे खाताखाता आपल्या सख्ख्या भावाला शिव्या देत होते. मला फार बरं वाटलं.

"दावा टाक," मी वकीलबाईला म्हटलं. "आजच्या आज टाक."

तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, तुमचा वाटा पक्का आहे. त्यात काडीचाही संशय नाही. वडिलांची स्वतःची जमीन, मृत्युपत्र नाही, तर मुलगा-मुलगी सारखेच. तिघांचा एकेक तृतीयांश. भाऊ गेले, त्यांचा वाटा त्यांच्या बायकोचा. तुमचे दादा काहीही म्हणोत."

"मग झालं तर!"

"तेवढंच होईल, काकू. वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी हेच ठरवतं, की कोणाचा हिस्सा किती. ते आपल्याला आजच माहीत आहे. भांडण हिश्शाचं नाहीच आहे, कोणता तुकडा कोणाला याचं आहे. आणि शेतजमीन सरकारी सारा भरणारी असते, म्हणून प्रत्यक्ष तुकडे पाडायला कोर्ट हुकूमनामा कलेक्टरकडं पाठवतं. तिथून तहसील, तिथून मोजणी. तिथला माणूस येईल, त्याच्या हिशेबानं वाटे पाडेल. तुम्हाला बोडीच येणार नाही कशावरून?"

"किती वर्षं लागतील?"

तिनं शेजारच्या पोहेवाल्या गृहस्थांकडं फक्त नजरेनं पाहिलं. मी ते समजले.

"पण दावा म्हणजे काही पाप नाही हां," ती म्हणाली. "समोरचा ऐकतच नसेल तर तोच रस्ता. अन् एकदा तुम्ही टाकला की तो एकट्या तुमचा राहत नाही. वाटपाच्या दाव्यात सगळेच मागणारे असतात. तुम्ही मागं हटला तरी दुसरा तो पुढं चालवू शकतो. म्हणून टाकण्याआधी विचार करा."

"विचार झाला," मी म्हटलं आणि वकीलपत्रावर सही ठोकली. तिनं दाव्याचा मसुदा करून ठेवते म्हटलं आणि सातबारा, फेरफार, असे कागद आणायला सांगितले.

ते आणायला मी गावी गेले. भावजय तेव्हा अंगणात तूर बडवत होती. तिला मी फार ताठ्यात सगळं सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. शेवटी मी तिच्यासाठीही लढत होते. तिनं बडवणं थांबवलं नाही. मधेच विचारलं, "त्या दाव्यात माझं नाव कुठं राहीन, ताई?"

"तुझं? तू प्रतिवादी क्रमांक दोन."

तिच्या हातातली काठी थांबली. "म्हंजे तुम्ही माझ्यावर केस करून राहिल्या?"

"अवं, तुझ्यावर नाही वं! तो नियम आहे. वाटपात सगळे हिस्सेदार पाहिजेत. जो मागायला उभा नाही, तो समोर. तुले माझ्यासंगं वादी व्हायचं असन तं तेही होते."

"अन् दादासमोर उभी राहू?"

"मग काय!"

"ताई," ती म्हणाली, "मी या घरी आली तवापासून मले कोणी एक गोष्ट नाही विचारली. दादा कागद घेऊन आले, म्हणे सही कर. तुम्ही कोर्टाचा कागद घेऊन आल्या, म्हणे सही कर. तिकडं केस चालू झाली तं मी धानाची रोवणी करू का नको? बोडीतला गाळ काढू का नको? सोसायटीचा माणूस म्हणन, बाई, वाद हाये या जमिनीवर, तुले पीककर्ज नाही. मी खाऊ काय?"

मला खूप राग आला. तिचा नाही, स्वतःचाही नाही. असाच आला, आणि कोणावर काढायचा ते कळेना. मी म्हटलं, "मग दादाच्या कागदावर कर सही. घे खालच्या बांध्या. मी बसतो पाण्यात."

"त्याच्यावरही नाही करत," ती म्हणाली आणि पुन्हा तूर बडवायला लागली.

ही माझी भावजय. बचत गटाची अध्यक्ष आहे, मिरची कांडप चालवते, बँकेतल्या साहेबाला उभ्या उभ्या ऐकवते. पण घरात तिला कोणी खुर्ची देऊन विचारलं नव्हतं हे खरंच होतं. कृषी केंद्रात दुकानदार विचारायचा, शेत कोणाचं? ही सांगायची, "ह्यांचं." ते होते तेव्हाही, आणि ते गेल्यावरही. तलाठ्यानं विचारलं तरी तेच. मी स्वतः ऐकलेलं आहे आणि मला कधी त्यात काही खटकलं नव्हतं.

परत आल्यावर वकीलबाईला मी सांगितलं, जरा कुरकुरतच. ती हसली. "मसुदा माझ्याकडं तयार आहे. तो कुठं पळून जात नाही. आधी तिघं बसून बोला. काकू, आपसात वाटणी म्हणजे काही सोडून देणं नाही. तुमचा तृतीयांश घट्ट धरूनच बोलायचं. उलट कोर्ट जे करू शकणार नाही ते तुम्ही करू शकता. बोडी तिघांत सामाईक ठेवता येते. कोणी कोणाच्या वाट्यातून जायचं, पाणी आधी कोणाच्या बांधीला, हे सगळं लिहिता येतं. वाट आणि पाणी, हे दोन शब्द विसरू नका. आणि नोटरीवर थांबू नका. नोटरीचा शिक्का म्हणजे रजिस्ट्री नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, दुय्यम निबंधकाकडं नोंदणी, मग तलाठी फेरफार घेईल. एकाची जरी सही राहिली तर तो कागद काही कामाचा नाही."

"दादा ऐकणार नाही."

"मग मी आहेच की."

मी दादाला फोन केला. मुद्दाम सांगितलं, की वकीलपत्रावर सही करून आले आहे. मग तो म्हणाला, "तू मले कोर्टात खेचशीन?"

"तू मले बोडीत ढकललंस, त्याचं काय?"

रविवारी शेतात भेटायचं ठरलं. घरात नको, मीच म्हटलं. घरात भिंतीवर आई-बाबांचे फोटो आहेत आणि दादा त्यांच्याखाली बसला की आपोआप खरा वाटायला लागतो.

उन्हाळा लागला होता. मोहाच्या झाडाखाली आम्ही तिघं बसलो. दादानं तोच ग्राफचा कागद आणला होता, चहाच्या कपाच्या गोल डागासकट. तो समजावायला लागला. रस्त्याकडं त्याला एक लहानसं घर बांधायचं होतं. नागपुरात जीव रमत नव्हता त्याचा. कारखाना सुटल्यापासून सकाळी साडेपाचला जाग येते आणि कंपनीची बस येत नाही, म्हणाला. ते ऐकून मी थोडी विरघळले. पण मग तो म्हणाला, "तुले काय करायचं रोडकडचं? तुझा वाटा उद्या तुझ्या सासरी जाईन."

झालं! "माझा वाटा माझ्या घरी जाईन," मी म्हटलं. "अन् माझं घर मी तिकिटं फाडून उभं केलं, सासरच्यांनी नाही."

"ओरडू नको."

"मी ओरडून नाही राहिली, माझा आवाजच असा आहे!"

भावजय खाली पाहत गवताची काडी मोडत बसली होती. आणि काय झालं कोणास ठाऊक, त्या मोडलेल्या काडीकडं पाहताना मला टरबूज आठवलं.

आम्ही लहान असताना उन्हाळ्यात बाबा कन्हानच्या वाळूतलं टरबूज सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचे. तीन पोरं आणि एक टरबूज, म्हणजे रोज युद्ध. बाबांनी नियम घालून दिला होता. कापायचं दादानं, कारण तो मोठा. पण पहिली फोड उचलायची धाकट्यानं, मग मी, आणि कापणारा शेवटी. पहिल्याच वर्षी दादानं एक फोड जाड कापली होती. धाकट्यानं ती तोंडभर हसत उचलली. त्यानंतर दादा असा कापायचा की तराजूही लाजेल. त्याच्या त्या ग्राफच्या कागदाचा उगम बहुधा तिथंच असावा.

"दादा," मी म्हटलं, "वाटे तू पाडलेस ना?"

"मीच. तुम्हा दोघींना जमते का?"

"बरोबर. मग तू शेवटी उचल."

त्याला लगेच कळलं. त्याचा चेहराच सांगत होता. "ते टरबूज होतं," तो म्हणाला.

"नियम बाबांचाच होता. अन् शेतही बाबांचंच आहे."

तो बोडीकडं वळला. मग म्हणाला, "पहिले उचलणारा कुठं आहे आता?"

आणि हे तो वाईट मनानं नाही म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. धाकट्याला अॅम्ब्युलन्समधून नेताना त्याचं डोकं दादाच्याच मांडीवर होतं. पण मी सोडणार नव्हते. मी भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही आहे. त्याचा वाटा हिचा झाला ना? सातबारा सांगते, कायदा सांगते. मग त्याची पाळीही हिचीच."

भावजयीनं चटकन मान वर केली. "मी कायले, ताई? तुम्ही दोघं ठरवा."

"अवं, त्या दिवशी तूच तर म्हणली, की कोणी विचारत नाही! आता विचारून राहिलो तं पळू नको!"

दादानं खिशातून पेन्सिल काढली. मला त्याच वेळी कळायला पाहिजे होतं की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. त्यानं रस्त्याकडचा तुकडा जरा लहान केला, मधला थोडा मोठा केला, बोडी 'सामाईक' असं लिहिलं आणि खालच्या बांध्या होत्या तशाच ठेवल्या. रोडची किंमत जास्त म्हणून क्षेत्र कमी, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. कागद भावजयीसमोर ठेवला. "उचल," तो म्हणाला आणि आरामात झाडाला टेकला.

त्याला खात्री होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू. ती बांध्यांमध्येच वाढलेली बाई. खालचाच तुकडा घेणार. मग मी मधला घेणार नाही, वरचा घेणार, आणि मग दादाचं काय होणार, याच मजेत मी होते.

भावजयीनं कागद हातात घेतला. उलटा धरला, सरळ केला. उठून उभी राहिली. वर रस्त्याकडं पाहिलं, खाली बांध्यांकडं पाहिलं. मग बसली आणि रस्त्याकडच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हा."

दादा झाडापासून सरळ झाला. "तो? तुले कायले रोड?"

"तुम्ही म्हणले उचल. उचलला."

"अन् धान काय डांबरावर लावशीन?"

"दादा," ती म्हणाली, आणि आता तिचा बचत गटाचा आवाज लागला होता, "मी खालचा घेतला असता. लय वर्षं झाली, त्या बांध्यांतला दगड न दगड मले ओळखते. पण वरचा तुमचा झाला अन् तिथं तुम्ही घर बांधलं, कंपाउंड घातलं, तं मी धानाचे पोते कुठून काढू? तुम्ही आहा तवरी ठीक. तुमच्या मागं तुमच्या पोरानं फाटक लावलं तं? आज मी तुमच्यातून चालत जातो तं कोणी काही म्हणत नाही. उद्या ते मले मेहेरबानी म्हणून पाहिजे नाही."

दादा उठला. रागानं त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून त्याचे कानच आधी तापतात. "म्हंजे माझ्या घराची वाट लावायची ठरवलीच तुम्ही दोघींनी. टाका मग! टाका दावा!" आणि गाडीला किक मारून तो निघून गेला. ग्राफचा कागद तिथंच राहिला.

भावजय रडली नाही. मी मात्र रडले, आणि रडताना तिलाच ओरडले, की कशाला उचललास तो तुकडा, झालं असतं ना सगळं! ती म्हणाली, "ताई, पाणी प्या." तिनं मला बाटली दिली आणि आम्ही दोघी पाळीवर बसून राहिलो. मला खात्री वाटत होती की आता दावाच. सोमवारी वकीलबाईला फोन करायचा, असं मी मनात ठरवलं. आणि मंगळवार आला, बुधवार आला, तरी मी काही केला नाही. मसुद्यात भावजयीच्या नावापुढं 'प्रतिवादी क्रमांक दोन' लिहिलेलं होतं आणि तेवढं मला गिळवत नव्हतं.

पुढच्या रविवारी भावजयीचाच फोन आला. "ताई, दादा आले. तुम्ही या."

मी सीताबर्डीला होते, नातीसाठी फ्रॉक पाहत. तशीच पिशवी काखेत मारून बसस्टँड गाठला. पोचले तेव्हा दादा शेतात एकटाच उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, रस्त्यापासून नाल्यापर्यंत चालत होता. परत येत होता. पुन्हा जात होता. झाडाखाली त्याची मोटारसायकल आणि सीटवर, दोरीनं बांधलेलं, एक टरबूज.

"हे काय?" मी विचारलं.

"भूक लागली असन तुले," तो म्हणाला. माझ्याकडं न पाहताच.

त्यानं नवा कागद काढला. या वेळी रेघा आडव्या नव्हत्या, उभ्या होत्या. रस्त्यापासून नाल्यापर्यंत तीन लांब पट्टे. प्रत्येकाच्या तोंडाशी रस्ता, प्रत्येकाच्या शेवटी बांध्या. मधे बोडी, पाळीसकट तिघांची, तिला हात लावायचा नाही. पाळीभोवती बैलबंडी जाईल एवढी वाट, तीही तिघांची.

"माझं घर लहान होईन," दादा म्हणाला. "तोंडाला जागा कमी. लांबट बांधा लागन." मग जरा थांबून, "तसंही दोघंच तं राहणार आहो. मोठं घर झाडणार कोण?"

"बांध्यांचे तुकडे होतील, दादा," भावजय म्हणाली. "नवे धुरे, मधले बांध, टाका लागतीन."

"टाकू. मी टाकतो. सकाळी साडेपाचले उठतोच नाहीतरी."

मी म्हटलं, माझ्या पट्ट्यातल्या बांध्या भावजयच बटाईनं करील, मला वर्षाला तांदूळ दिला की झालं; पण नाव माझंच राहील, ते कोणी मागायचं नाही. दादा म्हणाला, "कोणाची हिंमत आहे." तेव्हा मात्र तो हसला.

"उचल," तो भावजयीला म्हणाला. या वेळी तो झाडाला टेकला नाही. कागदाकडं पाहत गुडघ्यावर हात ठेवून बसला, अगदी टरबूज कापल्यावर बसायचा तसा. तिनं पूर्वेचा पट्टा घेतला, जिथं बोडीचं पाणी आधी उतरतं. मी मधला घेतला. बोडीशी माझं आता जुळलं होतं. दादाला पश्चिमेचा राहिला. पाण्याची पाळी कशी लावायची यावरून पुन्हा थोडी चकमक झाली, पण ती चांगली चकमक होती. मग त्यानं टरबूज कापलं. भावजयीनं पहिली फोड उचलली आणि दादानं शेवटची. मला फार म्हणजे फार आनंद झाला. बिया थुंकताना डोळे पुसले तर घाम म्हणता येतो.

वकीलबाईनं वाटणीपत्र लिहून दिलं. वाट, पाणी, बोडी, सगळं. माझा दाव्याचा मसुदा तिनं परत देऊ केला. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडं, दादाला ते माहीत असलेलं बरं. कुहीच्या रजिस्ट्री ऑफिसात फोटो, अंगठे, सह्या सुरू होत्या. दोन बायका एका भावाबरोबर आल्या आहेत म्हटल्यावर तिथल्या माणसानं न पाहताच विचारलं, "हक्कसोड आहे ना?" बहिणी तिथं बहुधा त्यासाठीच येतात, त्याचा तरी काय दोष. मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "नाही साहेब. वाटणी. तिघांची." मला तोंड उघडायची संधी गेली याचं थोडं वाईट वाटलं.

मग तलाठ्याकडं फेरफार, नोटिसा, सगळं रीतसर. आणि पाऊस पडायच्या आधी मोजणी आली. तिपाईवर यंत्र लावून मोजणीवाले हद्दी दाखवत होते आणि त्यांच्यातला एक प्रत्येक खुणेपाशी थांबून विचारत होता. दादाच्या पट्ट्यावर दादा बोलला. माझ्यावर मी बोलले, जरा जास्तच मोठ्यानं. मग तो पूर्वेच्या कडेला गेला. तिथं खड्डा खणून हद्दीचा दगड उभा करत होते.

"हा वाटा कोणाचा?"

भावजय पदर खोचून उभी होती. सवयीनं तिचं तोंड उघडलं, 'ह्यां' पर्यंत आलं आणि थांबलं. दादानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला काही सुचवलं नाही.

"माझा," ती म्हणाली. मग पुढं होऊन त्या दगडावर पाय ठेवून तिनं तो हलवून पाहिला. "अन् हे जरा नीट गाडा, भाऊ. हलून राहिला."